वीसपैकी शून्य म्हणजे किती?

चाकणच्या कंपनीत माल पोहोचण्याआधी भोसरीच्या पुरवठादाराकडून हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पोहोचतो. क्लिपबोर्डला लावलेली तपासणीची शीट, जरा तिरकी, एका कोपऱ्यावर अंगठा. उदाहरणासाठी अशी एक शीट डोळ्यांसमोर आणू. भाग : नायलॉनचा बुश. लॉट २००० नग, सॅम्पल २० नग. भोक गो-नोगो गेजने तपासलं. सदोष : ०. खाली गोल करून ‘ओके’ आणि सही.

मालाचा टेम्पो गेटवर उभा असताना हा ‘०’ फार सुखाचा वाटतो. पण त्यावर किती भरवसा ठेवायचा, याचं उत्तर शीटवर नसतं. ते मिळवायला एक उलटा प्रश्न विचारावा लागतो : लॉट खरोखरच खराब असता, तर या वीस नगांत ते दिसलं असतं का?

समजा, लॉटमधले ५ टक्के बुश खराब आहेत, म्हणजे २००० पैकी १००. वीस नग उचलले तर त्यांत किमान एक खराब सापडण्याची शक्यता किती? घाईत अनेक जण वीस गुणिले पाच करतात आणि १०० टक्के म्हणून मोकळे होतात. हे उत्तर चुकीचं आहे, हे लगेच ताडून पाहता येतं. त्याच हिशोबाने तीस नग उचलले तर शक्यता १५० टक्के होईल!

‘किमान एक’ म्हणजे एक, दोन, तीन, अगदी वीसपर्यंत काहीही. इतक्या शक्यता वेगवेगळ्या मोजून त्यांची बेरीज करण्यापेक्षा, एकही न सापडण्याची शक्यता काढून ती एकातून वजा करणं सोपं. एक नग चांगला निघण्याची शक्यता ०.९५. वीसच्या वीस चांगले निघायला ०.९५ ला वीस वेळा स्वतःशीच गुणायचं. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर हे होतं आणि उत्तर येतं सुमारे ०.३६. म्हणजे किमान एक खराब नग सापडण्याची शक्यता ६४ टक्के. उरलेल्या ३६ टक्के वेळा, शंभर खराब बुश पोटात घेऊन बसलेला लॉट अगदी अशीच ‘शून्य’वाली शीट मिळवून पुढे जातो. त्यात कोणी लबाडी केलेली नसते.

आता फोटोत अंगठ्याखाली झाकलेला कोपरा. तिथे बहुधा स्वीकृतीचा आकडा असतो : एक सापडला तरी लॉट घ्यायचा, दोन सापडले तर परत पाठवायचा, अशा अर्थाचा. शीटवरचा हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि तोच सहसा नीट दिसत नाही. नियम ‘दोन सापडले तर परत’ असा असेल, तर आपला प्रश्न ‘किमान एक’चा राहत नाही, ‘किमान दोन’चा होतो. मग शून्य सापडण्याच्या शक्यतेबरोबर नेमका एकच सापडण्याची शक्यताही वजा करावी लागते. तो एक खराब नग वीसपैकी कोणत्याही जागी येऊ शकतो, म्हणून वीस गुणिले ०.०५ गुणिले ०.९५ चा एकोणिसावा घात, म्हणजे सुमारे ०.३८. शून्याचे ०.३६ आणि एकाचे ०.३८ मिळून ०.७४ झाले. लॉट परत जाण्याची शक्यता उरली फक्त २६ टक्के. नग तेवढेच, मेहनत तेवढीच. नियम एकाने सैल केला आणि चारातले जवळजवळ तीन खराब लॉट आत आले.

टेलिफोनच्या सुट्या भागांची तपासणी करताना अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या हॅरल्ड डॉज यांनी १९२०च्या दशकात हाच हिशोब पद्धतशीर मांडला. खराब लॉट आत येण्याचा धोका ग्राहकाचा आणि चांगला लॉट उगाच परत जाण्याचा धोका उत्पादकाचा, असे दोन धोके त्यांनी वेगळे केले. आपल्याकडे आयएस २५०० हे मानक त्याच वाटेने जातं. २००० नगांच्या लॉटसाठी त्यातली नेहमीची पातळी वीस नगांवर थांबत नाही, १२५ नग तपासायला सांगते. स्वीकारार्ह दर्जा १ टक्का धरला, तर तीन खराब नगांपर्यंत लॉट घ्यायचा, चार सापडले की परत. या नियमात ५ टक्के खराब असलेला लॉट निसटण्याची शक्यता सुमारे १२ टक्के राहते आणि १ टक्काच खराब असलेला लॉट ९६ टक्के वेळा सुखरूप पास होतो. दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा, तर मोठं सॅम्पल लागतं. नुसता नियम कडक करून भागत नाही.

मग वीसपैकी शून्य या शीटवरून प्रामाणिकपणे काय म्हणता येईल? खराबीचं प्रमाण किती असेल तर वीसही नग चांगले निघण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते, ते पाहायचं. उत्तर सुमारे १४ टक्के. म्हणजे ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की लॉटमधली खराबी १४ टक्क्यांच्या आत आहे. ‘ओके’ या शिक्क्यासमोर हे फारच केविलवाणं दिसतं. तीच खात्री ५ टक्क्यांसाठी हवी असेल तर ५९ नग तपासावे लागतात, १ टक्क्यासाठी २९९, आणि तेही एकसुद्धा खराब न सापडता.

इथपर्यंतचं गणित एका गोष्टीवर उभं आहे : प्रत्येक नग खराब निघण्याची शक्यता सारखी, आणि एका नगाचा दुसऱ्याशी संबंध नाही. (सॅम्पल लॉटच्या दहाव्या हिश्शापेक्षा लहान असेल, तर उचललेला नग परत टाकला नाही म्हणून फारसं बिघडत नाही.) कारखान्यात ही अट सहज मोडते. आपला बुश चार कॅव्हिटींच्या साच्यातून येतो असं धरा, आणि एका कॅव्हिटीची पिन झिजून तिच्या बुशांचं भोक लहान पडू लागलं. एक चतुर्थांश माल खराब झाला. चारही कॅव्हिटींचा माल एकत्र मिसळलेला असेल, तर वीस नगांत एकही खराब न सापडण्याची शक्यता हजारात तीन. लपणं जवळपास अशक्य. पण माल कॅव्हिटीनुसार वेगळ्या खोक्यांत भरला असेल आणि तपासणाऱ्याने हाताशी आलेल्या एकाच खोक्यातून वीस नग उचलले, तर ते एक तर सगळे खराब निघतील किंवा सगळे चांगले. दोष निसटण्याची शक्यता थेट ७५ टक्के. त्याच खोक्यातून दोनशे नग काढले तरी ती ७५ टक्केच राहते, कारण खऱ्या अर्थाने आपण एकच गोष्ट तपासलेली असते : एक खोकं.

शीटवर दोन्ही वेळा लिहिलं जातं तेच, ‘सॅम्पल २०’. फोटोत फरक दिसत नाही.

म्हणून असा फोटो आला की पुरवठादाराला अंगठा बाजूला करून स्वीकृतीच्या आकड्यासह पूर्ण शीट पाठवायला सांगा, आणि वीस नग कोणकोणत्या खोक्यांतून, कोणत्या कॅव्हिटींचे घेतले ते शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लावा. ते लिहिलेलं नसेल, तर वरचा एकही टक्का त्या लॉटला लावू नका.