भाड्याचे घर आणि इमारतीचे वय

मुंबईतल्या जुन्या इमारतीत घर पाहताना इमारतीचे वय सोसायटीच्या पाटीवरून ठरवू नये. पाटीवर साल असते ते सोसायटीच्या नोंदणीचे, आणि इमारत त्याआधी बरीच वर्षे वापरात असू शकते. वय भोगवटा प्रमाणपत्रावरून विचारावे. 1986 साली राहायला दिलेल्या इमारतीला 2016 मध्ये तीस वर्षे पूर्ण झाली. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार तीस वर्षांनंतर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावीच लागते.

‘ऑडिट झालंय’ या उत्तरावर मात्र थांबता येत नाही, कारण पाडायच्या इमारतीचेही ऑडिट झालेलेच असते. खरा प्रश्न असतो वर्गाचा. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडण्याची, सी-2ए म्हणजे अंशतः रिकामी करून मोठ्या दुरुस्तीची, सी-2बी म्हणजे रहिवासी असतानाच दुरुस्त करता येणारी आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सी-2बी शेरा असेल तर दुरुस्ती झाली का, हे पुढे विचारावे. रंगकामाला दुरुस्ती म्हणण्याची पद्धत सर्रास आहे.

ते पारखायला तळमजल्यावरचे खांब पुरतात. खाऱ्या दमट हवेत आतल्या सळ्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. म्हणून धोक्याची भेग सळीच्या रेषेत, उभी जाते आणि तिच्या कडेला तांबूस डाग असतात. गिलाव्यावरच्या केसासारख्या वेड्यावाकड्या रेघांचे तितके भय नसते. खांबावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, तर वरचा थर सुटलेला असतो. तळमजल्यावर दुकान किंवा दवाखाना असेल, तर आतली फेरफारही विचारावी. जुलै 2017 मध्ये घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून 17 जण मेले, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम सुरू होते.

आगीच्या बाबतीत पहिला प्रश्न जिन्याचा. आगीत लिफ्ट वापरायची नसते, त्यामुळे एकच जिना असेल तर तीच एक वाट. जुन्या इमारतींत विजेच्या मीटरचे बोर्ड बहुधा त्याच जिन्याखाली असतात. तिथे ठिणगी पडली की धूर जिन्यातून वर चढतो आणि खाली उतरणे संपते. अशा वेळी गच्चीचा आसरा उरतो, म्हणून तिचे दार कुलूपबंद असते का आणि किल्ली कोणाकडे, हे वर चढून पाहावे. खिडकीच्या जाळीला आतून उघडणारी झडप आहे का, तेही तिथेच पाहून घ्यावे. अग्निशमन यंत्रणा बसवलेल्या इमारतीत जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेने द्यायचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र मागता येते.

घर पसंत पडले, तर करारात एक अट घालून घ्यावी: इमारत रिकामी करण्याची नोटीस आली, तर मुदत संपली नसली तरी डिपॉझिट पूर्ण परत.