एका वाढीव शून्याचा हिशेब

ऑनलाइन गेममध्ये नवी आवृत्ती बसवली जाते तेव्हा काय बदलले, काय दुरुस्त झाले आणि कोणत्या किमती वरखाली झाल्या, याची यादी खेळाडूंसाठी प्रसिद्ध केली जाते. तिला ‘पॅच नोट्स’ म्हणतात. एरवी ही यादी शस्त्रांची धार आणि राक्षसांचे बळ यांपुरती मर्यादित असते. परंतु गेममधील चलनाची नक्कल करण्याची एखादी फट सापडली आणि ती बुजवावी लागली, म्हणजे त्याच यादीला एका लहानशा अर्थव्यवस्थेच्या चलनविषयक निवेदनाचे स्वरूप येते. अशा फटीला खेळाडूंच्या भाषेत ‘ड्यूप’ म्हणतात, म्हणजे एकाच वस्तूच्या किंवा रकमेच्या दोन प्रती निर्माण करण्याची युक्ती. मे २०१३ मध्ये ‘डायाब्लो ३’ या गेममध्ये घडलेला प्रकार या विषयाचा अभ्यास करण्यासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण तेथे किमतीतील बदल हा फसवणुकीवरचा उपाय म्हणून आलेला नव्हता. फट उघडली तीच त्या बदलामुळे.

अमेरिकेतील ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या कंपनीने मे २०१२ मध्ये हा गेम बाजारात आणला. त्यात राक्षस मारून मिळणारे ‘गोल्ड’ हे चलन होते आणि खेळाडूंना आपसांत खरेदीविक्री करता यावी म्हणून ‘ऑक्शन हाउस’ नावाचा लिलावबाजार होता. त्याच्या एका विभागात व्यवहार गोल्डमध्ये होत, तर दुसऱ्या विभागात खऱ्या पैशांत होत आणि तेथे प्रत्यक्ष गोल्डही डॉलर मोजून विकत घेता येई. गोल्ड सुटे विकता येत नसे. ते ठरावीक आकाराच्या राशींत, म्हणजे ‘स्टॅक’मध्ये विकावे लागे. एक रास १० लाख गोल्डची होती आणि तिची किमान किंमत २५ सेंट ठरवलेली होती.

वर्षभरात गेममध्ये गोल्ड इतके वाढले, की १० लाखांना २५ सेंट हा दरही महाग ठरू लागला आणि अधिकृत बाजाराबाहेर ते त्याहून पुष्कळ स्वस्त मिळू लागले. किमान किंमत ठरलेली असल्यामुळे अधिकृत बाजारातील भाव त्याखाली उतरू शकत नव्हता. हा अडथळा दूर करण्यासाठी ७ मे २०१३ रोजी अमेरिका विभागात आलेल्या १.०.८ या पॅचमध्ये राशीचा आकार १० लाखांवरून १ कोटी करण्यात आला. किमान किंमत जुनीच राहिली आणि रास दहापट झाली, त्यामुळे १० लाख गोल्डचा किमान भाव २५ सेंटवरून अडीच सेंटवर आला. आर्थिकदृष्ट्या हा निर्णय सुसंगत होता. पण त्याच्यामागोमाग गोल्डची नक्कल सुरू झाली.

आकडा ओसंडतो म्हणजे काय

संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक संख्येसाठी ठरावीक जागा राखलेली असते. ३२ द्विमान अंकांची, म्हणजे ३२ बिटांची जागा असेल आणि ऋण संख्या वापरायच्या नसतील, तर त्या जागेत शून्यापासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच्याच संख्या मावतात. त्यात आणखी एक मिळवला, की स्कूटरच्या किलोमीटर मोजणाऱ्या मापकावर सगळे नऊ संपून पुन्हा शून्ये यावीत, त्याप्रमाणे संख्या शून्यावर येते. या घटनेला ‘इंटिजर ओव्हरफ्लो’ किंवा पूर्णांकाचे ओसंडणे म्हणतात. यात सहसा यंत्र बंद पडत नाही आणि कोणताही इशारा मिळत नाही. चुकीचा आकडा खरा समजून पुढचा व्यवहार शांतपणे पार पडतो.

लिलावाच्या व्यवहारात दोन पायऱ्या असतात. विक्रीसाठी गोल्ड मांडताना ते खेळाडूच्या खात्यातून वजा होते आणि लिलाव रद्द केल्यास तेवढेच परत जमा होते. आता एखाद्या खेळाडूने १ कोटीच्या ६०० राशी मांडल्या, असे समजू. एकूण रक्कम ६ अब्ज होते, पण वजाबाकीचा आकडा ३२ बिटांच्या जागेत ठेवला गेला तर त्यातून ४,२९,४९,६७,२९६ गळून पडतात आणि खात्यातून केवळ १,७०,५०,३२,७०४ गोल्ड कमी होते. लिलाव रद्द करताना मात्र प्रणाली राशींची संख्या आणि राशीचा आकार यांवरून पूर्ण ६ अब्ज परत करते. एका फेरीत सुमारे ४ अब्ज २९ कोटी गोल्ड शून्यातून निर्माण होते आणि तीच क्रिया पुन्हा पुन्हा करता येते. हा हिशेब तत्त्व समजण्यासाठी मांडलेला नमुना आहे. त्याचे मर्म असे, की जाताना आणि येताना एकच रक्कम दोन वेगवेगळ्या मापांनी मोजली गेली.

राशीच्या आकाराशी याचा संबंध थेट आहे. १० लाखांच्या राशीने ६ अब्जांपर्यंत पोहोचण्यासाठी ६,००० राशी एकत्र मांडाव्या लागल्या असत्या. १ कोटीच्या राशीने ते काम ६०० मध्ये होते. किंमत आणि राशीचा आकार हे दुकानातील फलकावरचे आकडे वाटतात, परंतु प्रत्येक किंमत आपल्यामागच्या प्रणालीला ‘यापुढे किती मोठ्या संख्या येतील’ याची एक अप्रत्यक्ष हमी देत असते. एक शून्य वाढवताच ती हमी दहापट ताणली जाते. म्हणून किमतीतील बदलाची चाचणी नेहमीच्या रकमा टाकून पुरी होत नाही; नव्या दराने शक्य असलेली सर्वांत मोठी रक्कम घालून मांडणी, विक्री आणि रद्दीकरण या तिन्ही वाटा तपासाव्या लागतात.

खोटे सोने ओळखण्याची रीत

फट उघडकीस येताच ब्लिझार्डने दोन्ही लिलावबाजार बंद केले आणि दोष दुरुस्त केला. त्यानंतरचा प्रश्न अधिक कठीण होता, कारण आधीच निर्माण झालेले गोल्ड बाजारात पसरले होते. यावर एक उपाय ‘रोलबॅक’चा असतो, म्हणजे संपूर्ण गेमची स्थिती घटनेपूर्वीच्या क्षणी परत नेणे. त्याने खोटे गोल्ड निश्चितपणे नाहीसे होते, परंतु त्या अवधीत प्रामाणिक खेळाडूंनी मिळवलेल्या वस्तू आणि गाठलेले टप्पेही पुसले जातात. दोषाचा वापर तुलनेने थोड्यांनी केला आणि परिणाम अमेरिका विभागापुरता मर्यादित राहिला, असे कारण देऊन कंपनीने रोलबॅक केला नाही आणि खात्यांच्या लेखापरीक्षणाचा मार्ग निवडला.

हे लेखापरीक्षण शक्य होते ते एका साध्या नियमामुळे. गेममध्ये गोल्ड येण्याच्या वाटा मोजक्या असतात: राक्षसांकडून मिळणारे, वस्तू दुकानदाराला विकून येणारे, मोहिमेचे बक्षीस म्हणून मिळणारे. नाहीसे होण्याच्या वाटाही ठरलेल्या असतात: दुरुस्तीचा खर्च, दुकानातील खरेदी, लिलावावरील शुल्क. पहिल्या वाटांना उगम आणि दुसऱ्यांना निचरा म्हणता येईल. आरंभीच्या साठ्यात सर्व उगमांची बेरीज मिळवून निचरा वजा केला, तर खेळाडूंकडील एकूण गोल्ड तंतोतंत जुळले पाहिजे. ते जुळत नसेल आणि साठा एकाएकी वाढलेला असेल, तर नक्कल झाली आहे; आणि ज्या खात्यात वाढ दिसते पण तिला उगमाची नोंद नाही, तेथून शोध सुरू होतो. पुढे प्रत्येक हस्तांतराची नोंद पाहत ते गोल्ड कोणाकडे गेले, याचा माग काढला जातो.

या तपासणीनंतर कंपनीचे प्रॉडक्शन डायरेक्टर जॉन हाइट यांनी दिलेल्या माहितीनुसार ४१५ खेळाडूंनी दोषाचा गैरफायदा घेतला होता आणि जादा गोल्डपैकी ८५ टक्क्यांहून अधिक परत मिळवण्यात आले होते. कारवाई झालेल्या खात्यांच्या लिलावातील उत्पन्न, कंपनीच्या शुल्कासह, मुलांच्या रुग्णालयांसाठी निधी उभारणाऱ्या ‘चिल्ड्रन्स मिरॅकल नेटवर्क’ला देण्याचेही जाहीर झाले. उरलेला भाग परत न मिळण्याचे मूळ चलनाच्या स्वरूपातच आहे: गोल्डच्या एककांवर क्रमांक नसतो, ते खऱ्या गोल्डमध्ये मिसळते आणि चार हात फिरल्यावर निरपराध विक्रेत्याच्या खात्यात पोहोचते, जिथून ते काढून घेणे हाच नवा अन्याय ठरतो.

दुकानाचे दर हा उपाय का नव्हे

जादा चलन शोषून घेण्यासाठी दुकानातील दर वाढवण्याचा मोह अशा वेळी होतो, पण तो चुकीच्या माणसाला दंड करतो. एखाद्या सेवेचा दर ५०,००० गोल्ड केला आणि प्रामाणिक खेळाडूकडे ५ लाख गोल्ड असेल, तर त्याची दहा टक्के पुंजी एका खेपेत जाते. ५ अब्ज गोल्ड असलेल्या फसवणाऱ्याच्या पुंजीतून तोच दर ०.००१ टक्का घेतो. दरवाढ एकूण निचरा वाढवते, परंतु खोटे आणि खरे यांत भेद करू शकत नाही. त्यामुळे आधी नक्कल झालेले चलन शोधून काढणे आणि मग, साठा स्थिर झाल्यावर, दरांचा विचार करणे हा क्रम आवश्यक आहे.

दर उतरवतानाही धोका असतो. १०० गोल्डला मिळणारी आणि परत विकल्यास ४० गोल्ड देणारी वस्तू ६० ला केली, तर व्यवहार अजून सुरक्षित आहे. परंतु एखाद्या सणानिमित्त त्यावर अर्धी सवलत दिली, तर ती ३० ला मिळते, ४० ला विकली जाते आणि प्रत्येक फेरीत १० गोल्ड नव्याने जन्माला येते. येथे कोणताही आकडा ओसंडलेला नाही, तरीही परिणाम नक्कल केल्यासारखाच आहे. म्हणून सर्व सवलती एकत्र धरून निघणारी नीचतम खरेदी किंमत विक्री किमतीपेक्षा अधिक आहे का, हे प्रत्येक वस्तूसाठी पडताळावे लागते.

नोंदीत काय लिहावे

या सगळ्यावरून पॅच नोट्समधील मजकुराचा आराखडा निघतो. दुरुस्ती आणि दरबदल या दोन स्वतंत्र नोंदी असाव्यात, अन्यथा दरवाढ ही शिक्षा आहे असा समज होतो. नमुन्यादाखल अशी नोंद लिहिता येईल: ‘मोठ्या रकमेचा लिलाव रद्द केल्यास मूळ रकमेपेक्षा अधिक गोल्ड परत मिळत होते, हा दोष दूर केला आहे. त्यातून निर्माण झालेले गोल्ड संबंधित खात्यांतून काढले आहे. ज्यांनी नकळत असे गोल्ड विक्रीतून स्वीकारले, त्यांच्यावर कारवाई होणार नाही. सर्व्हर मागील स्थितीला नेलेला नाही.’ त्याखाली, वेगळ्या शीर्षकाने: ‘गोल्डच्या राशीचा आकार १० लाखांवरून १ कोटी, किमान किंमत २५ सेंट कायम, परिणामी १० लाखांचा किमान भाव अडीच सेंट.’

पहिल्या नोंदीत दोषाचे स्वरूप सांगितले आहे, पण तो घडवून आणण्याच्या पायऱ्या दिलेल्या नाहीत. सर्व विभागांत दुरुस्ती पोहोचेपर्यंत एवढा संयम लागतोच. दुसऱ्या नोंदीत जुना आकडा, नवा आकडा आणि त्यातून निघणारा भाव हे तिन्ही दिले आहेत, कारण ‘किमतींत समायोजन केले’ एवढ्यावर खेळाडूला आपल्याजवळच्या गोल्डचे मोल वाढले की घटले हे ठरवता येत नाही. खेळाडूने अनेक रात्री खर्चून जमवलेल्या चलनाचे मोल गेम चालवणाऱ्याच्या हिशेबाच्या खरेपणावरच उभे असते. तो हिशेब, वसूल न झालेल्या भागासकट, त्याला वाचता येईल अशा शब्दांत मांडणे हे दुरुस्तीच्या कामाचेच शेवटचे कलम आहे.