पॅकअपनंतरचे तास

कॉलशीटवर लिहिलेलं असतं : कॉल सकाळी सहा, पॅकअप संध्याकाळी सहा. बारा तासांची शिफ्ट. मुंबईतल्या स्टुडिओत हा हिशेब कसाबसा चालतो. आडगावी मात्र याच बारा तासांच्या दोन्ही टोकांना एक दुसरा दिवस चिकटलेला असतो आणि तो कागदावर कुठेच नसतो. छोट्या युनिटचं काय चुकलं ते शोधायला बसलं, की बहुतेक वेळा उत्तर या न लिहिलेल्या तासांत सापडतं.

एक उदाहरण घेऊ. अकोले तालुक्यातलं रतनवाडी. समोर भंडारदऱ्याचा जलाशय, पाठीशी रतनगड, गावात अमृतेश्वराचं जुनं मंदिर. लघुपटाचं चार दिवसांचं शूट आहे, ऑक्टोबरचा मध्य, माणसं अकरा : दिग्दर्शक, कॅमेरामन, त्याचा असिस्टंट, साउंडवाला, लाइटदादा, कला आणि कपडे सांभाळणारी एक जण, दोन नट, प्रॉडक्शनला मी आणि दोन ड्रायव्हर. मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आणि आसपासचं रान अभयारण्यात, त्यामुळे दोन्हींच्या परवानग्या आधी घ्यायच्या. हे धरून पुढे जाऊ.

पहिला प्रश्न मुक्कामाचा. भंडारदऱ्याला, म्हणजे शेंडीला, हॉटेलं आहेत, गरम पाणी आहे. तिथून रतनवाडी जलाशयाला वळसा घालत वीसेक किलोमीटर. नकाशावर हे काहीच वाटत नाही. पण सामानाने भरलेली गाडी अंधारात त्या अरुंद रस्त्यावरून जाते तेव्हा तास धरावा लागतो. मग सहाच्या कॉलसाठी पाचला निघायचं आणि सव्वाचारला उठायचं. संध्याकाळी सहाला पॅकअप, स्टँड-केबल गुंडाळून गाडीत भरेपर्यंत पावणेसात, शेंडीला पावणेआठ. अंघोळ, जेवण, बॅटऱ्या चार्जिंगला, फुटेज दोन ड्राइव्हवर. साडेदहाला अंग टेकलं तर झोप मिळाली पावणेसहा तास. चौथ्या दिवशी या माणसांच्या हातून फोकस सुटणार, कार्ड रिकामं करताना चूक होणार.

रतनवाडीतच राहिलं तर जाता-येताचे दोन तास वाचतात आणि ते सगळे झोपेत जमा होतात. रतनगडाच्या ट्रेकर्समुळे गावातल्या काही घरांना पाहुणे ठेवायची सवय आहे. अडचण वेगळी असते. वीज जाते आणि अकरा माणसांना एक संडास पुरत नाही. म्हणून रेकीला गेलं की नुसत्या फ्रेम बघायच्या नाहीत, संडास मोजायचे, प्लग मोजायचे. दोन घरं घ्यायची आणि चार्जिंगपुरता छोटा जनरेटर न्यायचा. तो कायम उघड्यावर, खिडकीपासून लांब ठेवायचा. पाऊस आला म्हणून त्याला पडवीत घेतलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. शिवाय पहिलं कार्ड दुपारच्या ब्रेकमध्येच कॉपी करायचं, नाहीतर सगळ्यात शेवटी झोपणारा माणूस नेहमी कॅमेरा असिस्टंटच असतो.

जेवण गावातच सांगावं. शहरातून केटरर नेला की एक गाडी आणि दोन-तीन माणसं वाढतात. पण ज्या काकू चार माणसांचा स्वयंपाक रोज करतात, त्यांना अकरा जणांच्या भाकऱ्या एकटीने थापायला लावू नयेत. मदतीला दुसरी बाई, तिचे वेगळे पैसे आणि किराणा आपला, राजूरहून आणलेला. पहाटे चहा-बिस्किटं, साडेआठला पोहे, दीडला जेवण. पिठलं, भाकरी, एक उसळ, भात. भात मात्र ब्रेकच्या बेताने शिजवायचा. सकाळी नऊला शिजवून डब्यात झाकून ठेवलेला कोमट भात दुपारपर्यंत पोट बिघडवण्याइतका खराब होऊ शकतो, आणि त्याचा वास तसा येतोच असं नाही. पिण्याचं पाणी माणशी चार लिटर धरलं तर दिवसाला चव्वेचाळीस. म्हणजे वीस लिटरचे तीन जार, चार दिवसांचे बारा. चहा आणि स्वयंपाकाला उकळलेलं गावचं पाणी चालतं.

आता धोक्याचं. जंगल म्हटलं की बिबट्याचं नाव निघतं. मला भीती वाटते ती जमिनीवर घातलेल्या गादीची. मण्यार रात्री घरात शिरते आणि खाली झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज जवळपास नसते, दातांच्या खुणा दिसतीलच असं नाही. काही तासांनी पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. युनिटमध्ये याला ‘काल जास्त खाल्लं’ किंवा ‘झोप झाली नाही’ म्हणून सोडून देण्याची शक्यता फार. म्हणून प्रत्येकाला खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, ड्रायव्हरलाही. आणि पहाटे कुणाच्या पापण्या मिटायला लागल्या तर चर्चा करायची नाही, गाडी काढायची. कुठलाही साप चावला तरी करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही. हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर करायचा, माणसाला उचलून गाडीत ठेवायचं.

यासाठी दोन गाड्यांपैकी एक रात्रंदिवस रिकामी, तोंड रस्त्याकडे करून उभी असते आणि तिची किल्ली ठरलेल्या खिळ्याला. रेकीलाच त्या गाडीने रुग्णालयापर्यंत जाऊन मिनिटं मोजायची. आत जाऊन विचारायचं : सर्पदंशाचं इंजेक्शन आत्ता आहे का, आणि रात्री ते देणारे डॉक्टर असतात का? नाही म्हणाले तर त्यापुढचं रुग्णालय गाठायचं. मोबाइलची रेंज कुठल्या वळणावर येते, हेही वहीत लिहायचं. 108 ची अँब्युलन्स येईपर्यंत गावात बसून राहायचं नाही. आपण निघायचं आणि रेंज आली की तिला वाटेत गाठायचं ठरवायचं.

ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट होतो. वीज चमकल्यापासून आवाज यायला तीस सेकंदांपेक्षा कमी लागले, तर ती दहाएक किलोमीटरच्या आत आहे. बूम खाली, स्टँड तिथेच सोडायचे आणि सगळ्यांनी पत्र्याचं छत असलेल्या बंद गाड्यांत बसायचं. झाड किंवा उघडी शेड हा आसरा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास पहिल्याच दिवशी वेळापत्रकात धरलेला असला, तर तिथे दिग्दर्शकाशी वाद होत नाही.

सगळ्यात वाईट तास चौथ्या दिवशी येतात. सहाला पॅकअप, सातला निघायचं, मध्यरात्रीपर्यंत मुंबई, एका रात्रीचं भाडं वाचलं. 1997 साली ‘प्लेझंटविल’ या हॉलिवूडपटाचा एक कॅमेरा असिस्टंट एकोणीस तासांच्या दिवसानंतर गाडी चालवत घरी निघाला आणि वाटेत झोप लागून अपघातात गेला. छायाचित्रकार हास्केल वेक्सलर यांनी पुढे याच विषयावर माहितीपट केला. आपल्याकडे गाडी बहुधा ड्रायव्हर चालवतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण आपण शूट करत असताना तो बर्फ आणायला, जार आणायला, राहिलेला फिल्टर आणायला दिवसभर पळत असतो आणि रात्री सीटवर झोपतो. मागे झोपलेल्यांचा जीव त्याच्या चार रात्रींच्या झोपेवर असतो.

म्हणून चौथ्या दिवशी एक तर दुपारी बाराला पॅकअप, नाहीतर पाचवी रात्र रतनवाडीतच. निर्माता कुरकुरतो. त्याला मी कॉलशीटवर सगळ्यात खाली लिहिलेली ओळ दाखवतो : ड्रायव्हर झोपले किती वाजता, उठले किती वाजता. ती जागा कोरी असेल तर गाडी निघत नाही.