पाचचं बटण ओळखायचं कसं?

गॅस सिलिंडर नोंदवायला फोन लावला की पलीकडचं यंत्र ‘मराठीसाठी अमुक दाबा’ म्हणतं आणि आपण बटण दाबतो. प्रत्येक बटणातून एकाच वेळी दोन सूर निघतात. पाचचे सूर आहेत 770 आणि 1336 हर्ट्झ, आडव्या ओळीचा एक आणि उभ्या रांगेचा एक. सगळ्या कीपॅडसाठी असे आठच सूर ठरलेले आहेत.

हे ओळखायला एफएफटी वापरता येते, पण ती आवाजातल्या सगळ्याच वारंवारता एकदम मोजते. आपल्याला हव्यात फक्त आठ, मग बाकीच्यांचा हिशेब करायचा कशाला? जेराल्ड गोर्ट्झेल यांनी 1958 मध्ये, म्हणजे आजची एफएफटी गाजण्याच्या सात वर्षं आधी, एकेका वारंवारतेपुरती स्वस्त रीत मांडली होती.

फोनवरच्या आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतात. नवा नमुना x आला की एवढंच करायचं:

```
s = x + c*s1 - s2
s2 = s1
s1 = s
```

770 हर्ट्झसाठी c म्हणजे 2cos(2π·770/8000), साधारण 1.645. हा आकडा एकदाच काढून ठेवायचा. नमुने साठवायचे नाहीत, मागची दोन उत्तरं लक्षात ठेवली की झालं. झोपाळ्याला त्याच्याच तालावर हलके धक्के दिले तर झोका वाढत जातो, तसंच इथे होतं. 1 उंचीचा 770चा सूर आला, तर 205 नमुन्यांनंतर s सुमारे 180पर्यंत झुलतो. तेवढ्याच उंचीचा 1336चा सूर आला, तर तो चार-पाचच्या पलीकडे जात नाही. शेवटी सुराची ताकद एकदाच काढायची: `s1*s1 + s2*s2 - c*s1*s2`. साध्या चिपवर हे सहज चालतं, फक्त वाढत्या s ला मावेल एवढी जागा चलात हवी, नाहीतर आकडा उलटून भलतंच उत्तर येतं.

205 नमुनेच का? तेवढ्यात 25.6 मिलिसेकंद जातात आणि साधारण 39 हर्ट्झचा फरक कळतो. शेजारचा सूर 697, म्हणजे 73 हर्ट्झ दूर, त्यामुळे गोंधळ होत नाही. 80च नमुने घेतले तर उत्तर लवकर मिळतं, पण फरक 100 हर्ट्झपर्यंत ढोबळ होतो आणि 770 व 697 एकमेकांत मिसळतात.

खरी डोकेदुखी माणसाच्या आवाजाची. बोलताना एखादा स्वर नेमका या वारंवारतांवर पडला, तर बटण न दाबताच यंत्र ‘पाच’ ऐकतं. म्हणून ओळीतला एक आणि रांगेतला एक असे दोनच सूर जोरात आहेत ना, दोघांची ताकद जवळपास सारखी आहे ना, हे पाहतात. शिवाय 1540 आणि 2672 हर्ट्झवरही हीच मोजणी लावतात. बटणाच्या शुद्ध सुरात या दुप्पट वारंवारता जवळजवळ नसतात, बोलण्यात मात्र हमखास सापडतात. तिथे ताकद दिसली, की तो कौल रद्द.