‘येणार नसाल तर काही कळवू नका’

टीम आउटिंगचा मेसेज लिहिणारा माणूस सहसा वाईट नसतो. त्याला सगळे यावेत असं मनापासून वाटत असतं. पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीतल्या अकरा-बारा जणांच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोभेल असा हा एक नमुना घ्या:

‘मंडळी, १४ तारखेला शनिवारी मुळशी! सगळ्यांनी यायचंच, नो एक्स्क्यूजेस. तसं कंपल्सरी काही नाही हं, पण सगळे असले की मजा येते. खाली पोल टाकलाय, उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही करा. नाही म्हणणाऱ्यांनी कारण सांगायचं! कॉन्ट्री किती ते मागाहून कळवतो.’

या मेसेजमुळे सातजण खूश होतात आणि चौघांच्या पोटात गोळा येतो. त्या चौघांत एखादी आई असते, जिचं मूल शनिवारी सांभाळायला कोणी नसतं. एखादा बदलापूरहून आठवड्यातले तीन दिवस ये-जा करणारा असतो. एखाद्याला पैशाची चणचण असते, आणि एखाद्याला चारचौघांत दिवसभर हसत राहणं हेच काम वाटतं. चौघांनाही अवघडवायचा लिहिणाऱ्याचा हेतू नव्हता. पण असे मेसेज काही ठरलेल्या समजुतींवर लिहिले जातात, आणि त्या समजुती तपासून पाहिल्या तर फारशा टिकत नाहीत.

गैरसमज: ‘कंपल्सरी नाही’ एवढं लिहिलं की दडपण संपलं

सगळ्यात जास्त भरवसा याच वाक्यावर ठेवला जातो, आणि तेच सगळ्यात कच्चं आहे. फ्रान्समधले मानसशास्त्रज्ञ निकोलस गेगाँ आणि अलेक्सांद्र पास्कल यांनी २००० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका मॉलमध्ये अनोळखी माणसांकडे बसभाड्यासाठी सुटे पैसे मागायचे. काहींना नुसतं विचारायचं, आणि काहींना मागणीच्या जोडीला ‘द्यायचे की नाही ही तुमची मर्जी’ असंही म्हणायचं. नुसतं विचारल्यावर १० टक्के लोकांनी पैसे दिले. ‘तुमची मर्जी’ म्हटल्यावर ४७.५ टक्क्यांनी दिले.

म्हणजे मोकळीक दिल्याचं तोंडाने सांगणं हे लोकांकडून ‘हो’ मिळवायचं एक चांगलं तंत्र आहे. विक्रेत्यांना ते उपयोगी पडेल. पण न येणाऱ्याला मोकळं वाटावं म्हणून तेच वाक्य लिहिलं, तर परिणाम उलटा होण्याचा धोका असतो. ‘एवढं समजून घेऊन विचारतायत, आता नाही कसं म्हणायचं?’ असं वाचणाऱ्याला वाटू शकतं.

याच विषयावरच्या ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. तंत्र चालतं हे त्यातही दिसलं. फक्त निर्णय तिथल्या तिथे घ्यायचा नसेल तेव्हा त्याची पकड सैल होते, असंही आढळलं. निमंत्रण लिहिणाऱ्यासाठी कामाची गोष्ट ही आहे. वाक्य काय लिहिलं यापेक्षा उत्तराला अवधी किती दिला, हे अधिक महत्त्वाचं. ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ याऐवजी आठ दिवस दिले, तर माणूस घरी विचारतो, पाकिटात बघतो, कॅलेंडर चाळतो आणि मग ठरवतो.

गैरसमज: पोल टाकला की काम सोपं

सोपं होतं, पण ते पोल टाकणाऱ्याचं. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या पोलमध्ये `View votes` दाबलं की कोणी कशावर बोट ठेवलं ते नावानिशी दिसतं. पहिली सहा-सात मतं ‘हो’ला पडल्यावर ‘नाही’वर एकट्याने बोट ठेवणं म्हणजे भर सभेत हात वर करण्यासारखं आहे. आणि मत न टाकता गप्प बसलं, तर दुसऱ्या दिवशी ‘अजून तिघांचं यायचंय’ असा मेसेज नावं लिहून पडतो.

कॅलेंडरच्या निमंत्रणातही हेच होतं. गूगल कॅलेंडरमध्ये आमंत्रितांची यादी आणि त्यांची उत्तरं सगळ्यांना दिसतात. ते थांबवायचं तर निमंत्रण पाठवण्यापूर्वी `See guest list` समोरची खूण काढायला लागते.

याहून वाईट म्हणजे टेबलापाशी उभं राहून विचारणं. ‘समोरासमोर विचारलं की आपुलकी वाटते’ ही समजूत अर्धीच खरी आहे. आपुलकी वाटते, पण ‘नाही’ तोंडातून निघत नाही. महदी रोघनिझाद आणि व्हेनेसा बोन्स यांच्या २०१७ सालच्या अभ्यासात एकच विनंती ईमेलने आणि समोरासमोर करून पाहिली, तेव्हा समोरासमोरची विनंती ३४ पट परिणामकारक ठरली. मागणाऱ्यांना स्वतःला या फरकाचा अंदाजच नव्हता. तोंडावर नकार देणं किती जड जातं हे विचारणाऱ्याला कळत नाही, कारण त्या क्षणी तो पलीकडच्या बाजूला उभा असतो.

यावरचा उपाय साधा आहे. उत्तर फक्त येणाऱ्यांकडून मागायचं. तेही ग्रुपवर नाही, तर आयोजन करणाऱ्या एका माणसाला वेगळ्या मेसेजने. आणि तो माणूस शक्यतो लीड नसावा, कारण अप्रेझल लीडच्या हातात असतं. न येणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. रिसॉर्टला आकडा हवा असतो तो येणाऱ्यांचा. न येणाऱ्यांची यादी त्यांनी कधी मागितल्याचं ऐकिवात नाही. आठवण करायचीच तर सगळ्या ग्रुपला मिळून एकदाच, कोणाचं नाव न घेता.

गैरसमज: आग्रह केला नाही तर बोलावलंच नाही असं वाटेल

यात आपल्याकडे तथ्य आहे. लग्नपत्रिकेवर ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असतं, आणि जेवायला बसल्यावर तीनदा ‘अजून एक घ्या’ झाल्याशिवाय यजमानांचं समाधान होत नाही. पण तिथे पानावर हात आडवा धरायची पद्धतही तेवढीच जुनी आहे. आग्रह करणारा आणि तो मोडणारा, दोघांना आपापली भूमिका पाठ असते आणि रात्री दोघंही विसरून जातात. ऑफिसात हात आडवा धरायची अशी रीत नाही. शिवाय आग्रह करणारा वर्षअखेरीला तुमचं रेटिंग भरणार असतो.

आग्रह गाळला म्हणून निमंत्रण कोरडं होत नाही. लोकांना नेमका तपशील दिला की आपली सोय पाहिली जातेय हे कळतं. वरचा मेसेज पुन्हा लिहिला तर असा होईल:

‘१४ तारखेला शनिवारी मुळशीला दिवसभराची सहल ठरवतोय. ऑफिसच्या गेटवरून बस सकाळी ८ वाजता निघेल, संध्याकाळी ६ पर्यंत परत गेटवर. आपल्या गाडीने येऊन जेवणानंतर निघालात तरी चालेल. सगळा खर्च कंपनीचा, कॉन्ट्री नाही. जेवण व्हेज-नॉनव्हेज दोन्ही, उपासाचं हवं असेल तर सांगा. दारू नाही. खेळ आहेत, पण नुसतं झाडाखाली बसलात तरी हरकत नाही. नाव पुकारून कोणालाही गायला लावणार नाही. कामाचं काही तिथे ठरणार नाही. येणार असाल तर ६ तारखेपर्यंत मला वेगळा मेसेज करा. येणार नसाल तर काही कळवू नका. गुरुवारी १९ तारखेला दुपारी १ वाजता ऑफिसातच सगळ्यांचं एकत्र जेवण आहे, ते वेगळं.’

मेसेज लांबला, हे खरं. पण यातलं प्रत्येक वाक्य कोणाला तरी एक अवघड प्रश्न विचारण्यापासून वाचवतं. परतायची वेळ लिहिली म्हणून आईला पाळणाघराशी बोलता येतं. ‘कॉन्ट्री नाही’ आधीच कळल्यामुळे चणचण असलेल्याला खोटं कारण शोधावं लागत नाही. कॉन्ट्री असेलच तर आकडा पहिल्याच मेसेजमध्ये हवा. ‘मागाहून कळवतो’ म्हणजे आधी होकार आणि मग धक्का. गाण्याबद्दलचं वाक्य वाचून बुजऱ्या माणसाचा जीव भांड्यात पडतो, आणि कदाचित तो येतोही. अबोल माणसांना माणसं आवडत नाहीत असं नाही. पुष्कळदा त्यांना बसमधल्या अंताक्षरीची धास्ती असते.

‘कामाचं काही ठरणार नाही’ हे वाक्य मात्र खरं असेल तरच लिहावं. पुढच्या प्रोजेक्टमध्ये कोण जाणार हे तलावाकाठी भजी खाताना ठरलं आणि सोमवारी ऑफिसात कळलं, तर पुढच्या वेळी कितीही गोड शब्दांत लिहा, त्यावर विश्वास ठेवायला कोणी उरणार नाही.

गैरसमज: कारण विचारणं ही काळजी आहे

‘का गं, घरी सगळं ठीक ना?’ हे एकट्याला, हलक्या आवाजात विचारलं तर काळजी. ग्रुपवर हसऱ्या इमोजीसकट विचारलं तर ती उलटतपासणी. वडिलांचं डायलिसिस, चालू असलेले मूल होण्यासाठीचे उपचार, सोडलेली दारू, थकलेले हप्ते: यातलं काहीही अकरा जणांपुढे मांडायची कोणाची तयारी नसते. आणि ‘मला रविवारसारखा शनिवारही घरी झोपून काढायचा आहे’ हे तर त्याहून अवघड, कारण ते कारण म्हणून कोणी धरतच नाही. मग पाहुणे येतात, ताप येतो, गावाकडची आत्या आजारी पडते. कारण विचारलं नाही, तर या आत्यांची तब्येत सुधारते.

नकार आलाच तर उत्तर ‘बरं, कळवलंस ते छान केलंस’ एवढंच पुरतं. ‘अरेरे, तुझ्याशिवाय मजा नाही’ हे कौतुक वाटतं, पण ते वाचणाऱ्याच्या खात्यावर कर्ज म्हणून जमा होतं. तेच रविवारी फोटो टाकताना. फोटो खुशाल टाका. ‘काय काय मिस केलंत बघा’ ही ओळ गाळा.

गैरसमज: नाही म्हटलं तर बोलावणारा मनात ठेवतो

हा मात्र निमंत्रिताचा गैरसमज. ज्युलियन गिवी आणि कॉलीन कर्क यांच्या २०२३ सालच्या अभ्यासात असं दिसलं की, बोलावणाऱ्याला नकाराचं किती वाईट वाटेल याचा अंदाज नाही म्हणणारे बराच वाढवून करतात. पण त्यातली निमंत्रणं मित्रमंडळींच्या धर्तीची होती. वरिष्ठाने दिलेल्या निमंत्रणाला तो निष्कर्ष तसाच लावता येत नाही, कारण काही वरिष्ठ खरंच मनात ठेवतात. फ्रान्समध्ये एका कर्मचाऱ्याला कंपनीच्या मौजमजेच्या कार्यक्रमांत मिसळत नाही म्हणून कामावरून काढलं गेलं. प्रकरण तिथल्या सर्वोच्च अपिली न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. तेव्हा रेटिंगच्या शेऱ्यात ‘टीममध्ये मिसळत नाही’ असं सहलीच्या हजेरीवरून लिहिलं जात असेल, तर निमंत्रणाची भाषा सुधारून काही साधणार नाही. आधी तो शेरा बदलायला हवा.

टीम चौघांचीच असेल तर ‘काही कळवू नका’ हीसुद्धा पळवाट ठरत नाही, कारण कोण गप्प आहे ते लगेच दिसतं. तिथे तारीख आणि ठिकाण ठरवण्याआधीच प्रत्येकाला वेगळं विचारावं, आणि दोघांना जमत नसेल तर सहलीचा बेत सोडून दुपारचं जेवण करावं. आणि आउटिंग कामाच्या दिवशी असेल, तर न येणाऱ्याचं त्या दिवशी काय, हे मेसेजमध्येच हवं: नेहमीप्रमाणे ऑफिसात किंवा घरून काम करायचं, रजा टाकावी लागणार नाही.