मोटारने संन्यास घेतला, तरी गुण अधिक आठ

समजा, नव्या मिक्सरबद्दल एका ग्राहकाने मोबाइलवरून असा अभिप्राय लिहिला:

```
Wa kay quality! Best mixer. 3 divsat motor ne sanyas ghetla.
Service pan super, phone uchlatach nahit. Thank you!
```

मराठी माणसाला हे वाचताक्षणी कळतं. मिक्सर तिसऱ्या दिवशी बंद पडलाय, कंपनी फोन उचलत नाही आणि लिहिणारा चांगलाच वैतागलाय. शाळेत व्याजस्तुती अलंकार शिकवतात, वरून स्तुती आणि आतून निंदा, तोच इथे रोमन लिपीत उतरला आहे.

पण हजारो अभिप्राय माणसं बसून वाचत नाहीत. ते काम संगणकाकडे दिलं जातं आणि त्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे शब्द मोजणं. चांगल्या-वाईट शब्दांची एक यादी घ्यायची, प्रत्येक शब्दाला गुण द्यायचे आणि अभिप्रायात सापडतील त्यांची बेरीज करायची. अशा याद्या तयार मिळतात. डेन्मार्कचे संशोधक फिन ऑरुप नील्सन यांची ‘आफिन’ ही त्यांतली एक प्रसिद्ध यादी. तिच्यात सुमारे अडीच हजार इंग्रजी शब्द आहेत आणि प्रत्येकाला उणे पाच ते अधिक पाच यांमधले गुण आहेत.

वरचा अभिप्राय या यादीला लावून पाहू. `Best` ला अधिक तीन, `super` ला अधिक तीन, `thank` ला अधिक दोन. बाकीचे शब्द एकतर मराठी किंवा `mixer`, `phone` यांसारखे साधे इंग्रजी, म्हणजे यादीच्या लेखी ते नाहीतच. बेरीज अधिक आठ. कंपनीच्या तक्त्यात हा ग्राहक अत्यंत समाधानी म्हणून नोंदला जातो.

आता दुसऱ्या कुणी सरळ लिहिलं, `Motor kharab zali, paise vaya gele`. यातला एकही शब्द यादीत नाही, म्हणून गुण शून्य. तिसऱ्या एकीने मनापासून लिहिलं, `Chhan aahe, chutney ekdam barik hote`. तिचेही गुण शून्य. सरळ तक्रार आणि सरळ कौतुक दोन्ही सारखीच, आणि सर्वांत जास्त गुण टोमण्याला! यामागचं कारण साधं आहे. मराठी माणूस टोमणा मारताना कौतुकाचा शब्द अनेकदा इंग्रजी घेतो आणि झालेलं नुकसान मात्र मराठीत सांगतो. इंग्रजी यादीला त्यातलं कौतुक तेवढं दिसतं.

मग यादीत मराठी शब्द घालावेत, हा पुढचा विचार. तो योग्यच आहे, पण काम वाटतं तितकं सोपं नाही. रोमन लिपीत मराठी लिहिण्याचे ठरलेले नियम नाहीत. ‘छान’ हा एकच शब्द कुणी `chan` लिहितं, कुणी `chhan`, कुणी `chaan`. ही सगळी रूपं एका शब्दाखाली आणावी लागतात. त्याहून अवघड म्हणजे दोन भाषांत सारखे दिसणारे शब्द. `pan` म्हणजे ‘पण’ की स्वयंपाकाचा पॅन? `bag` म्हणजे पिशवी की ‘बघ’? `Masala barik hot nahi` असं लिहिणारी बाई मसाला बारीक होत नाही म्हणून तक्रार करते आहे, पण इंग्रजी समजून वाचणारा प्रोग्राम ते वाक्य ‘यंत्र तापणं’ या विषयाखाली टाकू शकतो. म्हणून प्रत्येक शब्द कोणत्या भाषेतला, हे शेजारचे शब्द पाहून आधी ठरवावं लागतं. `hot` च्या पुढे `nahi` आलं की तो ‘होत’ असण्याचीच शक्यता जास्त.

नकाराची गोष्ट तर मराठीत अगदी वेगळी आहे. इंग्रजीत नकार बहुधा शब्दाच्या आधी येतो. त्यामुळे ‘व्हेडर’सारखं नावाजलेलं साधन गुण असलेल्या शब्दाच्या आधीचे तीन शब्द तपासतं आणि त्यांत नकार सापडला तर गुण फिरवतं. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. `Chhan vatla nahi` या वाक्यात `chhan` च्या मागे कितीही पाहिलं तरी नकार सापडणार नाही. मराठीसाठी पुढे पाहायला शिकवावं लागतं.

एवढं सगळं नीट केलं तरी टोमणा हाती लागत नाही, कारण तो एका शब्दात नसतोच. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या एलन रिलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक नेमकी खूण पुढे ठेवली: कौतुकाचा शब्द आणि कुणालाही नको असलेली परिस्थिती एकाच वाक्यात आली, तर उपरोधाची शंका घ्यावी. मुंबईच्या आयआयटीत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने हा विसंगतीचा विचार आणखी पुढे नेला. उपरोध कधी कधी केवळ आकड्यात असतो, हेही त्यांनी २०१७ साली हाताळलं. ‘काय बॅटरी आहे, ३८ तास चालते’ हे कौतुक. ‘काय बॅटरी आहे, २ तास चालते’ हा टोमणा. शब्द तेच, बदलला तो फक्त आकडा.

मिक्सरच्या अभिप्रायातही `3 divsat` हीच किल्ली आहे. मिक्सर वर्षानुवर्षं चालायला हवा, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तीन दिवस खटकतात. संन्यासाचंही तसंच. संन्यास हा शब्द वाईट नाही, पण मोटारने घेतला तर मोटार गेली. हे शब्दकोशातून कळत नाही, जगण्यातून कळतं. मोठ्या मजकुरावर शिकवलेली आजची भाषा-प्रारूपं यातलं बरंच पकडतात, मात्र ती ज्या भाषेत शिकली त्या भाषेपुरतीच. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ गटाने २०२१ साली सुमारे सोळा हजार मराठी ट्वीट भावनेनुसार खुणा करून सर्वांसाठी खुली केली. मराठीसाठी ही मोलाची भर आहे. तरी ट्वीट वेगळं आणि मिक्सरची तक्रार वेगळी, म्हणून आपल्या मालावरचे काही अभिप्राय माणसांनी वाचून खुणा करण्याला पर्याय नाही. दोघांनी स्वतंत्रपणे खुणा कराव्यात. तेच दोघे वारंवार वेगवेगळ्या खुणा करत असतील, तर यंत्राकडून अचूकतेची अपेक्षा धरणं व्यर्थ आहे.

एक धोका सहसा लक्षात येत नाही. शंभरात पाचच अभिप्राय उपरोधिक असले आणि ते पाचही चुकले, तरी अहवालात अचूकता पंचाण्णव टक्के लिहिता येते. पण हे पाच नुसते गळत नाहीत, उलट्या टोकाला जाऊन बसतात. प्रत्येकी अधिक आठ धरले तर बेरजेत चाळीस गुणांची खोटी भर पडते. माल बिघडला की टोमणे वाढतात, म्हणजे मोटारींची एखादी खेप सदोष निघाली तर नेमका तेव्हाच सरासरीचा आकडा वर चढू शकतो.

छोट्या उत्पादकाला यावर आजच करता येईल असा एक उपाय आहे. अभिप्रायाबरोबर ग्राहकाने दिलेले तारे पाहावेत. तारा एक आणि शब्दांचे गुण भरघोस, असे सगळे अभिप्राय बाजूला काढून ते माणसाने वाचावेत. पाच तारे देऊन टोमणा मारणारे यातून सुटतील, आणि मालावर खूश असूनही घरपोच यायला उशीर झाला म्हणून एक तारा देणारे यात येतील. तरीही हा गठ्ठा हजारोंचा नसतो, आणि तो वाचायला मराठी समजणाराच माणूस बसवावा. वरच्या एका अभिप्रायात त्याला दोन पक्क्या गोष्टी मिळतील: मोटार तीन दिवसांत जाते, आणि सेवा केंद्रात फोन उचलायला कुणी नाही.