त्साइटगाइस्ट म्हणजे काळाची फॅशन नव्हे

‘त्साइटगाइस्ट’ (युगमानस) हा जर्मन शब्द समीक्षेत बऱ्याचदा ‘सध्याची लाट’ या अर्थाने येतो. मूळ अर्थ अधिक खोल आहे. एखाद्या काळातली माणसे न बोलता जे गृहीत धरतात, ते त्या काळाचे युगमानस. नळावर कोणाची कळशी आधी लागणार यावरून दोघी भांडतात, पण पाणी ठरल्या वेळी येणार हे दोघींनीही धरलेलेच असते, तसे हे आहे.

म्हणून सगळ्यांचे एकमत असा त्याचा अर्थ घेणे बरोबर नाही. ते उलट विरोधकांमध्ये अधिक स्पष्ट दिसते. इंग्रज निबंधकार विल्यम हॅझलिट यांनी 1825 साली आपल्या काळाच्या वृत्तीवर व्यक्तिचित्रांचे पुस्तक काढले. त्यात राजकीय विचारवंत विल्यम गॉडविन आहेत आणि अर्थतज्ज्ञ थॉमस माल्थसही. माणूस विवेकाने सुधारत जाईल, ही गॉडविन यांची श्रद्धा. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते म्हणून ते स्वप्न अडते, हे माल्थस यांचे 1798 मधले उत्तर. निष्कर्ष परस्परविरोधी, पण समाजाचे भवितव्य धर्मग्रंथ न उघडता तर्काने मांडता येते, हे दोघांनाही मान्य. माल्थस तर स्वतः पाद्री होते! युगमानस शोधायचे ते अशा समान जमिनीत.

मर्यादाही याच पुस्तकात दिसते. त्यातली माणसे लेखक, विचारवंत, राजकारणी, धर्मोपदेशक आहेत. गिरणीतला मजूर नाही, एकही स्त्री नाही. ‘त्या काळाला असे वाटत होते’ असे वाक्य वाचताना, कोणाला वाटत होते, हे विचारायलाच हवे.